तळघरातलं पाणी आणि बाईंचं चौथं पत्र

बाईंनी आयुष्यभर काय केलं, असं कुणी विचारलंच तर उत्तर एका वाक्यात देता येतं. बाई धूत आल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्या सहायक होत्या. मुलांनी प्रयोग करावेत, शिक्षकांनी शाबासकी घ्यावी आणि बाईंनी परीक्षानळ्या धुवाव्यात, अशी ती वाटणी होती. पण त्यांच्या हातची परीक्षानळी उजेडात धरली तर नळी आहे की नाही असा प्रश्न पडे. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात एवढीच गोष्ट सांगितली आणि बाईंना ती पुरेशी वाटली. डाग दिसला की बाईंचा हात आपोआप तिकडे जायचा. याच हातानं पुढे त्यांचा घात केला, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

निवृत्तीचे सगळे पैसे घालून बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं चौथ्या मजल्यावर घर घेतलं. नवरा बसचा कंडक्टर. दिवसभर बोलायचं काम, आणि घरी आल्यावरही तोंडाला विश्रांती नाही. बाई म्हणायच्या, तुमचं तिकीट कुणी काढलंय का, की ऐकतच बसायचं? दीड वर्षापूर्वी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला आणि त्यांचं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं. उजवं अंग लुळं पडलं. तीन महिन्यांनी थोडे शब्द परत आले, पण तेही विचित्रच. पाणी हवं असलं तरी ‘पुढे चला’, खिडकी लावायची असली तरी ‘सुट्टे द्या’. जुन्या सवयीचे शब्द आधी येतात, असं बोलणं शिकवणारी मुलगी म्हणाली. आठवड्यातून तीनदा तिच्याकडे आणि शेजारच्याच व्यायामाच्या खोलीत न्यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, हे पहिलं वर्षच हातात असतं, असंही तिनं बजावलं होतं.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. इमारतीच्या पुढच्या दाराला अकरा पायऱ्या. चाकाची खुर्ची तिथून उतरत नाही. बाहेर जायचा एकच रस्ता म्हणजे लिफ्टनं खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये जायचं, तिथून गाडीत बसायचं आणि उतारावरून वर रस्त्याला लागायचं. बाई बासष्टाव्या वर्षी गाडी शिकल्या त्या याचसाठी. शिकवणारा घाबरला होता, बाई नव्हत्या.

पण तळघरात पाणी भरायचं. जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी उतारावरून थेट आत यायचं, कारण उताराच्या पायथ्याची जाळीची गटार जेमतेम वीतभर रुंद. पाऊस नसला तरी लिफ्टच्या समोरच्या छतातून ठिबकायचं, कारण त्याच्या बरोबर वर इमारतीची बाग. पाणी साठायच्या खड्ड्यात पंप एक, करारात लिहिलेले दोन. तो एक दमला की पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरायचं, आणि मग राखणदार लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून टाकायचा. त्याचं बरोबरच होतं, पाण्यात लिफ्ट चालवणार कोण? पण त्या दिवशी कंडक्टर चौथ्या मजल्यावर अडकून पडायचे. मागच्या पावसाळ्यात असे एकोणीस दिवस गेले. बाईंनी ते वहीत लिहून ठेवले होते.

बिल्डरला याआधी तीन पत्रं गेली होती. ती सोसायटीच्या अध्यक्षांमार्फत गेली. अध्यक्षांना इमारतीत सगळे ‘बघूकरू’ म्हणत, कारण कुठलीही तक्रार नेली की ते आधी ‘बघू’ म्हणत आणि जास्तच लावून धरलं की ‘करू’. मसुदा बाईंचाच असायचा, पण बघूकरू त्याला इतका मऊ करून टाकायचे की त्यात तक्रार कुठं आहे ते शोधावं लागे. ‘आपल्या सोयीनुसार सवड काढून एकवार पाहणी करावी ही नम्र विनंती.’ बिल्डर सोयीनुसार महिन्याभरानं आपला इंजिनिअर पाठवायचा. इंजिनिअर येणार ती तारीख आधी कळायची.

तारीख कळली की बाई कामाला लागायच्या. बाहेरचा माणूस येणार आणि आपलं पार्किंग असं दिसणार, ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. राखणदाराला हाताशी घेऊन त्या पाणी उपसायच्या, फरशी फिनेलनं पुसून घ्यायच्या, भिंतीवर ओलीमुळं फुटलेला पांढरा क्षार तारेच्या ब्रशनं स्वतः घासून काढायच्या. छताला चढलेलं शेवाळ बांबूला फडकं बांधून पुसायच्या. बागेचं पाणी दोन दिवस बंद. मग इंजिनिअर यायचा, भिंतीवरून हात फिरवायचा, वर बघायचा, कागदावर काहीतरी लिहायचा. बाई त्याला चहा आणि बिस्किटं द्यायच्या. असं तीन वेळा झालं.

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं ते बघूकरूंनी फोनवर वाचून दाखवलं आणि मग बाईंना नेऊन दिलं. बिल्डरनं लिहिलं होतं की तिन्ही पाहण्यांमध्ये तळघर कोरडं आणि स्वच्छ आढळलं. गळतीचा कुठलाही पुरावा नाही. गाड्या धुतल्यानं पाणी साचत असावं. शेवटची ओळ अशी होती: ‘रहिवाशांनी तळघराची केलेली उत्तम देखभाल खरोखर प्रशंसनीय आहे.’

बाईंनी ती ओळ चार वेळा वाचली. तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायचं कुणावर? पुरावा कुणी पुसला होता? त्यांनीच, स्वतःच्या हातानं, कोपरापर्यंत बाह्या सारून. वर चहा पाजून त्या माणसाला वाटेला लावलं होतं. एकोणीस दिवस नवऱ्याचे गेले, त्यातले निम्मे आपण पुसले, असं त्यांना वाटलं आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुसत बसल्या. मग आपण काय करतोय ते ध्यानात आलं आणि फडकं सिंकमध्ये फेकलं.

घराचा करार त्यांनी त्याच दुपारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आतापर्यंत तो कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होता, अर्थातच अगदी स्वच्छ. बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत लेखी कळवला, तर बिल्डरनं तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. पाच वर्षांनी हात वर. ताब्याच्या पत्रावरची तारीख बघून बाईंनी बोटं मोजली. छत्तीस दिवस उरले होते.

त्या बघूकरूंकडे गेल्या. बघूकरूंनी सगळं ऐकलं आणि आणखी एक विनंतीपत्र पाठवू म्हणाले. जास्त ताणून धरलं तर इमारतीचं नाव खराब होतं, दुसऱ्या मजल्यावरचे घर विकायला काढून बसलेत, गिऱ्हाईक बिचकतं, हेही हळूच सुचवलं. बाई म्हणाल्या, मग पत्र मीच पाठवते. करार बिल्डरचा आणि माझा आहे, त्यावर माझी सही आहे. बघूकरू म्हणाले, “बघू.” बाई म्हणाल्या, “तुम्ही बघा. मी पाठवते.”

पण या वेळी त्या नुसतं पत्र लिहून थांबणार नव्हत्या. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. पाणी कुठून येतं हे वादानं ठरत नाही, ते दाखवता येतं. जुन्या शाळेत जाऊन त्यांनी नव्या सहायकाकडून फ्लोरेसिनची चिमूटभर पूड मागून आणली. ही पूड दिसते तांबूस, पण पाण्यात पडली की पाणी झगझगीत हिरवं होतं. बादलीत कालवून ते पाणी त्यांनी संध्याकाळी बागेच्या वाफ्यात, भिंतीलगतच्या सांध्यापाशी ओतलं आणि वरून तासभर नळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टसमोरच्या छतावर, दोन स्लॅबच्या मधल्या सांध्याला, हिरवे थेंब ओळीनं लोंबत होते. खाली फरशीवर हिरवं थारोळं. बाईंनी फोटो काढले, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा डाग तसाच टाकून त्या वर गेल्या. दिवसभर त्यांच्या हाताला चैन नव्हतं.

मग त्यांनी चौथं पत्र लिहिलं. जेवणाच्या टेबलावर, कंडक्टरांच्या समोर बसून. एकेक वाक्य लिहिलं की मोठ्यानं वाचायच्या, आणि कंडक्टर डाव्या हाताची बोटं टेबलावर वाजवायचे. ‘विनंती’ आलं की बोटं थांबायची. बाई तो शब्द खोडायच्या. शेवटी पत्रात एकही विनंती उरली नाही.

पत्रात घराचा क्रमांक होता, कराराचं कलम होतं, ताब्याची तारीख होती. त्यानंतर लिहिलं होतं: ‘बागेखालच्या स्लॅबच्या सांध्यातील जलरोधक थर निकामी झाला असून रंगीत पाण्याच्या चाचणीत ते सिद्ध झाले आहे. उताराच्या पायथ्याची गटार अपुरी आहे. करारात नमूद केलेल्या दोन पंपांपैकी एकच बसवलेला आहे. या दोषांमुळे माझ्या पतीला गेल्या पावसाळ्यात एकोणीस दिवस उपचारासाठी घराबाहेर पडता आले नाही. मागील तिन्ही पाहण्यांपूर्वी तळघर मी स्वतः कोरडे करून घेतले होते. ती माझी चूक होती, आणि ती पुन्हा होणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत माझ्या उपस्थितीत पाहणी करावी आणि तीस दिवसांत दुरुस्ती पूर्ण करावी. बाग उकरून सांधा नव्याने जलरोधक करावा. नुसता खालून लेप लावलेला मी मान्य करणार नाही. दुरुस्तीनंतर अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून चाचणी व्हावी. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे जाईन.’

सोबत फोटो, वहीतल्या एकोणीस तारखांची नक्कल आणि तळघराचा हातानं काढलेला नकाशा. पत्र पोचपावतीसह रजिस्टर केलं. पाच दिवसांनी बिल्डरच्या कचेरीचा शिक्का असलेली पोचपावती परत आली. बाईंनी ती कपाटात ठेवली नाही, फ्रिजवर चुंबकाखाली लावली. पाहणीचा दिवसही कळला, मंगळवारी दहा वाजता. त्याच दिवशी अकराला कंडक्टरांची बोलण्याची शिकवणी होती.

मंगळवारी पावणेदहाला बाई नवऱ्याला घेऊन लिफ्टनं खाली उतरल्या. दार उघडलं आणि फिनेलचा वास आला.

तळघर लखलखत होतं. फरशी कोरडी, भिंत कोरडी, छताचा सांधा पुसून पांढरा केलेला. हिरव्या डागाचा मागमूस नव्हता. राखणदार घामेघूम होऊन खराटा टेकवून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा स्पष्ट दिसत होती.

हे कुणी करायला सांगितलं, बाईंनी विचारलं. राखणदारानं सांगितलं की अध्यक्ष म्हणाले, साहेब येणारेत, जरा नीट दिसू दे. मग त्यानं नेहमीसारखं सगळं यादीप्रमाणे केलं. कसली यादी? त्यानं आपल्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेला कागद होता, बाईंच्याच वळणदार अक्षरातला. ‘बाहेरचे कुणी येण्याआधी: पाणी उपसणे. फरशी फिनेलने पुसणे. भिंतीवरचा क्षार घासणे. छत पुसणे. बागेचे पाणी दोन दिवस बंद ठेवणे.’ खाली दोन रेघा मारून ‘विसरू नये’.

पत्रात बाईंनी चूक कबूल केली होती, पण दारावरचा कागद काढायला त्या विसरल्या होत्या. राखणदाराला रागवण्याचीही सोय नव्हती. तो बिचारा म्हणाला, “बाई, काही राहिलं का?” बाई म्हणाल्या, “नाही हो. काहीच नाही राहिलं.” आणि त्यांना रडू आलं. पण तेवढ्यात उतारावरून इंजिनिअरची गाडी खाली आली.

इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. कचेरी सांगेल तिथं जायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. त्यानं वर बघितलं, भिंतीवरून हात फिरवला. बाईंनी फोटो दाखवले तर म्हणाला की फोटो कागदाला जोडेन, पण पाहणीत मला दिसलं तेच लिहावं लागतं. आणि तो पेनाचं टोपण काढायला लागला.

बाईंनी डोळे पुसले, दारावरचा कागद ओढून काढला, त्याची घडी करून पर्समध्ये टाकली आणि राखणदाराला वर पिटाळलं. उरलेली पूड घरातून आणायची, बादलीत कालवून वाफ्यात ओतायची, नळी पूर्ण सोडायची. मग आपली गाडी काढून उताराच्या तोंडाशी आडवी लावली, किल्ली पर्समध्ये ठेवली आणि प्लास्टिकची खुर्ची इंजिनिअरपुढे सरकवली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तीनदा तुम्हाला चहा देऊन पाठवलं. आज चहा नाही. आज नुसतं बसायचं.”

दहाचे साडेदहा झाले. इंजिनिअरनं दोन फोन केले. बघूकरू खाली डोकावले, आडवी गाडी बघितली आणि तसेच वर गेले. अकरा वाजले. शिकवणारीचा फोन आला, बाईंनी आज येत नाही म्हणून सांगितलं. हा विसावा दिवस, आणि या वेळी तो आपणच घालवला. छत कोरडंच होतं. दोन दिवस बंद ठेवलेली बाग आधी स्वतः पाणी पीत होती, हे बाईंना कळत होतं, पण इंजिनिअरला कळवून काय उपयोग? त्यांना आता स्वतःचीच चीड यायला लागली होती. किती वर्षं आपण लोकांच्या डोळ्यांपुढून घाण हलवत आलो आणि त्यालाच काम म्हणत आलो?

साडेअकराला इंजिनिअर उठला. त्याला दुसऱ्या साइटवर जायचं होतं. तो नम्रपणेच बोलला, बाईंनी गाडी काढावी, तो अहवालात ‘चाचणी अपूर्ण’ असं लिहील. बाईंनी पर्समध्ये हात घातला. किल्ली सापडली. त्या दोन पावलं चालल्याही.

“थांबा,” कुणीतरी म्हणालं.

आवाज कंडक्टरांचा होता. धावत्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा तसा, मोठा आणि स्वच्छ. ते लिफ्टसमोर आपल्या खुर्चीत बसले होते, जिथं बाईंनी त्यांना सकाळी ठेवलं होतं, आणि डाव्या हातानं आपल्या लुळ्या उजव्या हाताची बाही उचलून धरून दाखवत होते. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर रुपयाएवढा हिरवा डाग होता. सगळे बघत असतानाच दुसरा थेंब खांद्यावर पडला.

इंजिनिअरनं वर बघितलं. सांध्यात हिरवी ओळ उमटत होती. त्यानं हात पुढे करून पुढचा थेंब तळव्यावर घेतला. मग खुर्चीवर बसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहायला लागला. बाईंनी त्याच्या मागं उभं राहून वाचलं. ‘बागेखालील सांध्यातून गळती प्रत्यक्ष आढळली. पंप एकच. गटार अपुरी.’ खाली त्याची सही, बाईंची सही, आणि साक्षीदार म्हणून राखणदाराची. तारीख घातली. मुदतीला अजून तेवीस दिवस होते.

वर घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याचा शर्ट काढला. फ्लोरेसिनचा डाग कच्चा असतो, एका धुण्यात जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी बादलीत पाणी सोडलं, साबण घेतला. शर्ट बुडवणार तेवढ्यात मागून बाही कुणीतरी धरली. कंडक्टर खुर्ची रेटत न्हाणीघराच्या दारापर्यंत आले होते.

“राहू दे,” ते म्हणाले.

पुढे चला नव्हतं, सुट्टे द्या नव्हतं, बसमधलं थांबाही नव्हतं. दीड वर्षात त्यांना जे म्हणायचं होतं तेच शब्द पहिल्यांदा तोंडातून बाहेर आले होते. बाईंनी शर्ट बाजूला ठेवला. मग त्यांनी नळ बंद केला.

बिल्डरनं काम सुरू केलं ते पत्र मिळाल्याच्या तिसाव्या दिवशी, आणि तेही बाईंनी पोचपावती आणि अहवालाची नक्कल जोडून आठवण पाठवल्यावर. बाग उकरली गेली, सांधा नव्यानं भरला, जलरोधक थर घातला. चाचणीचे अठ्ठेचाळीस तास बाई दर तीन तासांनी खाली जाऊन छताला हात लावून येत होत्या. छत कोरडं राहिलं. गटार रुंद झाली. दुसरा पंप मात्र ‘ऑर्डर दिली आहे’ इथंच अडकला. बिल्डरचा माणूस ‘काम समाधानकारक झाले’ असा छापील कागद घेऊन सहीला आला. बाईंनी खाली लिहिलं, ‘दुसरा पंप बसेपर्यंत नाही,’ आणि परत दिला. बघूकरू म्हणाले, एवढं झालं ना, आता पंपाचं बघू.

शर्ट बैठकीच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला लटकतो आहे. बाहीवर आणि खांद्यावर हिरवा डाग तसाच. येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि बाईंचा हात अजूनही दर वेळी तिकडे जातो. कंडक्टर तेव्हा खुर्चीतून बघतात. बाई हात मागं घेतात आणि टेबलावर बसून पाचवं पत्र लिहायला घेतात.